गणपूर्ती आणि हजेरी: सोसायटीच्या इतिवृत्ताच्या सुरुवातीलाच होणाऱ्या या चुका टाळा

आमच्या ओळखीच्या एका गृहनिर्माण सोसायटीत 24 सभासद. वार्षिक सभेची वेळ सकाळी 10 ची. इतिवृत्तात पहिलंच वाक्य होतं: "सभा ठीक 10 वाजता सुरू झाली. 17 सभासद हजर होते, गणपूर्ती झाली." पुढे देखभाल शुल्क वाढवण्याचा ठराव झाला, तो न पटलेल्या सभासदाने हजेरी पुस्तकाची प्रत मागितली आणि सह्या मोजायला बसला.

सह्या 17 च होत्या. पण एका घरातल्या पती-पत्नी दोघांनी सही केली होती. पती मूळ सभासद, पत्नी सहयोगी सभासद. मूळ सभासद स्वतः हजर असताना त्या घराची हजेरी एकच. आणखी एक सही परदेशातल्या सभासदाच्या मुलाची होती, कुलमुखत्यारपत्राच्या जोरावर केलेली. ती धरताच येत नाही. उरले 15.

आता गणपूर्ती किती हवी ते पाहू. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींप्रमाणे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा 20, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. "वीस लागतात" एवढंच बऱ्याच सचिवांच्या डोक्यात असतं. 24 चे दोन तृतीयांश 16, म्हणजे या सोसायटीला 16 पुरले असते. 54 सभासद असतील तर दोन तृतीयांश 36 होतात, तिथे 20 चालतात. म्हणून इतिवृत्तात नुसतं "गणपूर्ती झाली" लिहू नका. एकूण सभासद किती, आवश्यक किती आणि हजर किती, हे तिन्ही आकडे लिहा. वाचणाऱ्याला पडताळून पाहता आलं पाहिजे.

या प्रकरणात एक माणूस कमी पडला. मला सगळ्यात वाईट याचंच वाटतं, कारण सभा वाचवायची सोय उपविधींतच होती. ठरल्या वेळेपासून अर्ध्या तासात गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि नोटिशीत दिलेल्या त्याच दिवशीच्या पुढच्या वेळी भरते. त्या तहकूब सभेत विषयपत्रिकेवरचं कामकाज गणपूर्तीविना चालवता येतं. यांच्या नोटिशीत 11 ची वेळ छापलेलीही होती. फक्त इतिवृत्तात असं लिहायला हवं होतं:

"सभेची वेळ सकाळी 10. एकूण सभासद 24, आवश्यक गणपूर्ती 16. 10.30 पर्यंत 15 सभासद हजर. गणपूर्तीअभावी अध्यक्षांनी सभा तहकूब केली. नोटिशीप्रमाणे तहकूब सभा त्याच ठिकाणी 11 वाजता सुरू झाली, त्या वेळी 16 सभासद हजर होते."

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. सभासदांच्या मागणीवरून बोलावलेली विशेष सभा गणपूर्तीअभावी तहकूब होत नाही, ती रद्दच होते.

मुखत्याराची चूक बहुतेक वेळा कंपन्यांच्या सवयीतून येते. कंपनीच्या सभेत सभासद प्रतिनिधी पाठवू शकतो, तरी तिथेही गणपूर्तीला प्रत्यक्ष हजर सभासदच धरतात. सहकारी संस्थेत ती सोयच नाही. सहकार कायद्याप्रमाणे मत स्वतःच द्यावं लागतं आणि उपविधींप्रमाणे मुखत्याराला सर्वसाधारण सभेत सभासदाच्या वतीने बसताही येत नाही. मूळ सभासद गैरहजर असेल तर त्याच्या लेखी संमतीने सहयोगी सभासद येऊ शकतो. तशी नोंद "घर क्र. 9, सहयोगी सभासद, संमतीपत्र दाखल" अशी करा आणि पत्र फाइलला लावा.

उशिरा येणाऱ्यांचं काय? हजेरी पुस्तकात सहीशेजारी वेळेचा रकाना आखून ठेवा. इतिवृत्तात सुरुवातीचा आकडा नंतर आलेल्यांना मिळवून फुगवू नका. खाली वेगळी ओळ लिहा: "11.20 वाजता, विषय क्र. 4 सुरू असताना, घर क्र. 3 व 14 चे सभासद आले. एकूण हजर 18." मधूनच निघून जाणाऱ्यांचीही अशीच नोंद हवी. तसं केलं नाही तर सुरुवातीला 16 हजर आणि विषय क्र. 6 वर 18 मतं असं कागदावर उरतं, आणि ती दोन मतं कुठून आली हे वर्षभराने कुणालाच सांगता येत नाही.

"येऊ शकत नाही, क्षमस्व" असा निरोप आलेल्यांची नावं वेगळ्या यादीत, निरोप कधी व कसा मिळाला यासह लिहा. ती हजेरीत किंवा गणपूर्तीत मिसळू नका. निरोपात "माझा ठरावाला पाठिंबा आहे" असं लिहिलं असलं तरी ते मत धरता येत नाही. कार्यकारी समितीच्या सभेत हीच नोंद जास्त जपून करा. तिथे लागोपाठ तीन मासिक सभांना रजेशिवाय गैरहजर राहिलं तर समिती सदस्याचं पद जाऊ शकतं. म्हणून "निरोप मिळाला" एवढ्यावर थांबू नका, समितीने रजा मंजूर केली की नाही तेही त्याच ओळीत लिहा.