जर्मन वॉर्डातली यूबरगाबे: कान मराठीतच ठेवा

जर्मनीला निघालेल्या नर्सच्या बॅगेत हमखास एक वही असते. तिच्यात डाव्या बाजूला इंग्रजी आणि उजव्या बाजूला जर्मन असे पाचशे शब्द लिहिलेले असतात. माझ्याकडेही होती. पहिल्याच सकाळी, ड्युटी बदलताना होणाऱ्या तोंडी हँडओव्हरमध्ये, म्हणजे यूबरगाबेमध्ये, ती वही खिशातच राहिली. वीस-पंचवीस पेशंट आणि बोलणारी नर्स रात्रभर जागून घरी जायच्या घाईत. त्यामुळे पाचशे शब्द नंतर, आधी यूबरगाबे. बाकीचं पटकन उरकते.

अवयवांची नावं, उपकरणं, रोगांची नावं हे सगळं भराभर पाठ करा. बऱ्याच रोगांची नावं लॅटिन-ग्रीकवरून आल्यामुळे ओळखीची वाटतात. यावर कुणी महिना घालवला तर तो वाया गेला समजा.

पुढची पायरी म्हणजे वॉर्डातले फसवे शब्द. असे शब्द थोडेच आहेत, पण रोज कानावर पडतात. ‘न्युश्टर्न’ म्हणजे पेशंटला उपाशी ठेवलंय. क्लासमध्ये याचा अर्थ ‘न प्यायलेला’ असा शिकवतात, म्हणून तो ऐकून माणूस गोंधळतो. ‘आबगेफ्युर्ट’ म्हणजे शौचाला झालं. ‘उनआउफफेलिश’ म्हणजे नॉर्मल, काही वावगं दिसलं नाही. ‘बाय बेडार्फ’ म्हणजे आपण एसओएस लिहितो तेच, गरज पडली तरच द्यायचं. आणि ‘त्सूगांग’ म्हणजे नवीन ॲडमिशनही आणि शिरेतली सुईही. ‘बारा नंबरला त्सूगांग हवाय’ ऐकून मी एकदा पलंग तयार करायला धावले होते. हवी होती सुई.

आता कागदावरच्या दोन अक्षरांकडे. चार्टवर ‘आरआर’ दिसलं की भारतात शिकलेली नर्स श्वास मोजायला लागते. जर्मनीत आरआर म्हणजे ब्लड प्रेशर. हाताला पट्टा बांधून प्रेशर मोजायची रीत 1896 मध्ये रिवा-रोची नावाच्या इटालियन डॉक्टरांनी मांडली, त्यांच्या आडनावाची ती अक्षरं. श्वासाला ‘एएफ’ लिहितात, आटेमफ्रेक्वेन्त्सचं संक्षिप्त रूप. आपल्याकडे एएफ म्हणजे हृदयाची अनियमित लय, तिला तिकडे ‘व्हीएचएफ’ म्हणतात. या तीन जोड्या घोटून घ्या. एएफ 18 दिसलं तर घाबरायचं कारण नाही, श्वास ठीक चाललाय.

आता खरी अडचण, आकडे. इथे मी सर्वात जास्त मार खाल्ला. रात्रीच्या नर्सने पल्स ‘फिअर-उन्ट-आख्ट्सिश’ सांगितला आणि मी 48 लिहिलं. होता 84. सकाळी प्रेशरची गोळी द्यायच्या आधी सीनियरने माझा कागद पाहिला, पल्स पुन्हा मोजायला लावला, आणि मग माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं.

चूक का झाली ते नीट समजून घ्या, कारण क्लासमध्ये याचं कारण उलटं सांगतात. म्हणे जर्मन आकडे उलटे असतात, एकक आधी आणि दशक नंतर. अहो, मग मराठी आकडे कसे आहेत? चौऱ्याऐंशीत आधी चार येतो, मग ऐंशी. पस्तीसमध्ये आधी पाच, मग तीस. ‘फ्युन्फ-उन्ट-द्रायसिश’ म्हणजे पाच आणि तीस, पस्तीस. रचना तीच आहे. घोळ झाला कारण मी नर्सिंग इंग्रजीतून शिकले आणि जर्मन ऐकून मनात इंग्रजी करत होते. मधला तो थांबाच काढून टाका. 135 वर 80 प्रेशर ‘हुंडर्ट-फ्युन्फ-उन्ट-द्रायसिश त्सू आख्ट्सिश’ असं ऐकू आलं की मनात ‘एकशे पस्तीस, ऐंशी’ म्हणा आणि मगच लिहा.

गंमत म्हणजे 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसचं ‘वीस एक’ असं वाचन आलं तेव्हा आपल्याकडे केवढा वाद झाला. जर्मनीत ‘त्स्वान्त्सिश-आइन्स’, म्हणजे अक्षरशः ‘वीस-एक’, नावाची संस्थाच आहे, आणि तिला तिथले आकडे असेच सरळ करून हवेत. तोवर आपला फायदा होतोय तो करून घ्या.

बरेच जण सल्ला देतात की ऐकलेला एकक लगेच लिहायचा आणि त्याच्या डावीकडे जागा सोडायची. मला हे मान्य नाही. घाईत ती जागा रिकामी राहते किंवा भलताच आकडा तिथे बसतो. पूर्ण शब्द संपेपर्यंत पेन उचलू नका. सरावासाठी मैत्रिणीकडून फक्त उलटसुलट जोड्या वाचून घ्या, 48 आणि 84, 35 आणि 53, 67 आणि 76. रोज दहा मिनिटं, वेग वाढवत. दोन आठवड्यांत हात बसतो.

एका ठिकाणी मात्र मराठी दगा देते. नऊच्या आकड्यांवर. ‘नॉइन-उन्ट-द्रायसिश’ म्हणजे नऊ आणि तीस, पण आपण त्याला एकोणचाळीस म्हणतो. कानात तीस, मनात चाळीस, आणि ताप 39.2 असताना कागदावर 49 उमटतात. 29 ते 89 पर्यंत हे असंच चालतं, 99 तेवढा सरळ आहे. हे आकडे वेगळे पाठ करा. ताप तिकडे सेल्सिअसमध्येच असतो, त्यामुळे 39 रोज लागणार.

घड्याळाचंही असंच. ‘हाल्प फिअर’ म्हणजे साडेचार नव्हे, साडेतीन. चौथ्या तासातला अर्धा झालाय, असा हिशोब. पॅरासिटामॉल ‘हाल्प फिअर’ला दिलंय आणि मी साडेचार धरलं, तर पुढच्या डोसची वेळ तासाने चुकते. हेही मराठीत बसतं. आपल्या ‘अडीच’च्या मुळाशी संस्कृत ‘अर्धतृतीय’ आहे, तिसऱ्यातला अर्धा. जर्मनही ‘हाल्प द्राय’ म्हणतो. तेव्हा हाल्प त्स्वाय दीड, हाल्प द्राय अडीच, हाल्प फिअर साडेतीन, एवढं म्हणत चला.

बाडेन-वुर्टेमबर्गला जाणाऱ्यांसाठी आणखी एक, कारण 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या त्या राज्याशी मनुष्यबळाचा करार केलाय. तिथे ‘फिअर्टल फिअर’ म्हणजे सव्वातीन आणि ‘द्राय-फिअर्टल फिअर’ म्हणजे पावणेचार. पाऊण म्हणजे तीन चतुर्थांश, तेच ते बोलतात. उत्तरेतून शिकलेल्या शिक्षकाला हे कदाचित ठाऊकही नसेल.

शेवटी उलट विचारणं. न समजता मान हलवू नका. ‘इश विडरहोले’, म्हणजे ‘मी परत सांगते’, म्हणून आकडा सुटा वाचा, ‘आख्ट, फिअर’. सुटं वाचलं की उलटसुलट व्हायला जागाच उरत नाही. फोनवर असाल तर दोनला त्स्वाय म्हणू नका, ‘त्स्वो’ म्हणा. त्स्वाय आणि द्राय फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून जर्मन लोकही तिथे त्स्वोच म्हणतात.