कार्डावर खाडाखोड नको असेल तर आधी त्याच मापाचा कच्चा कागद

शुभेच्छापत्र हाताने लिहिताना एखादा शब्द चुकतो किंवा शेवटच्या ओळीला जागाच उरत नाही, आणि महागाचं कार्ड वाया जातं.

१. कार्ड कोऱ्या कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवा आणि तेवढाच तुकडा कापा. वहीच्या पानावर कच्चं लिहिलं तर मजकूर कार्डावर मावेल की नाही, ते कळत नाही.

२. ज्या पेनने कार्ड लिहिणार, त्याच पेनने आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात कच्चं लिहा. दोन ओळींत साधारण एक सेंटिमीटर अंतर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. "आजोबा, पंचाहत्तरीच्या हार्दिक शुभेच्छा!" एका ओळीत मावत नसेल तर "आजोबा," वर एकटंच घ्या. तसं ते दिसतंही छान.

३. कच्चा मजकूर मोठ्याने वाचा. नावं आणि "आशीर्वाद"सारखे शब्द अक्षर-अक्षर तपासा. त्यातला रफार हमखास चुकीच्या जागी पडतो.

४. कार्डावर पेन्सिलीने अगदी फिकट रेघा आखा, कच्चा कागद शेजारी ठेवा आणि ओळी जिथे तुटल्या आहेत तिथेच तोडत उतरवा.

गुळगुळीत कार्डावर जेल पेनची शाई लवकर वाळत नाही. मागच्या कोपऱ्यात बारीकशी रेघ ओढून बोट फिरवून पाहा. फरफटली तर बॉलपेन घ्या. रेघा शाई पूर्ण वाळल्यावरच खोडा.