स्कॉम्ब्रॉइडच्या उत्तरात "नीट शिजवा" लिहिताय? या चुका टाळा

परभणीत फूड टेक्नॉलॉजीच्या पोरांचे पेपर तपासताना दरवर्षी एक वाक्य भेटतं: "मासा नीट शिजवल्यास विषबाधा टळते." प्रश्न साल्मोनेलाचा असेल तर मी मार्क देतो. स्कॉम्ब्रॉइडचा, म्हणजे माशात साठलेल्या हिस्टामिननं होणाऱ्या विषबाधेचा, असेल तर शून्य.

बांगडा, ट्यूना यांच्या मांसात मोकळं हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मेलेला मासा थंड ठेवला नाही की मॉर्गनेला मॉर्गानीसारखे जिवाणू वाढतात आणि त्यांचं हिस्टिडिन डिकार्बॉक्सिलेज हे एन्झाइम हिस्टिडिनमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं. उरतं ते हिस्टामिन. चुलीवर जिवाणू मरतात, एन्झाइमही निकामी होतं. हिस्टामिन मात्र प्रथिन नाही, उष्णतेनं उलगडायला त्यात काही नाहीच. म्हणून ते तळणीतून वाचतं आणि डबाबंद करतानाच्या उष्णतेतूनही.

एका सराव परीक्षेत मी गणित घातलं होतं. एक किलो बांगड्यात 600 मिलिग्रॅम हिस्टामिन आहे, भाजून वजन 750 ग्रॅम उरलं, तर आता किलोमागे किती? निम्म्या वर्गानं जिवाणूंची डी-व्हॅल्यू, म्हणजे नव्वद टक्के जिवाणू मरायला लागणारा वेळ, लावून उत्तर शून्यावर आणलं. घाई, दुसरं काय! रस गळून गेला नाही असं धरलं, तर 600 मिलिग्रॅम तेवढंच राहिलं आणि उडालं ते पाणी. म्हणजे किलोमागे 800. मी आधी "काय मरतं" आणि "काय उरतं" असे दोन रकाने पाडतो, मगच आकड्याला हात लावतो.

दुसरी चूक माझ्या स्वतःच्या अंगावरची आहे. मे महिन्यात खोलीवर आम्ही चौघांनी बांगडा आणला. दुपारभर तो पिशवीत राहिला, मग फ्रिजमध्ये गेला. रात्री काळा मसाला लावून कडक तळला. जिभेला चुरचुरलं, ते आम्ही मसाल्यावर ढकललं. अर्ध्या तासात चौघांचीही तोंडं लालबुंद, डोकी ठणकत, छाती धडधडत. डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून मासा कायमचा बंद करायला सांगितलं. पुढं रत्नागिरीत ताजा बांगडा पोटभर खाल्ला, काही झालं नाही. एकाच माशानं चौघांना एकदम ॲलर्जी कशी होईल, हे तेव्हा सुचलं नाही. अँटिहिस्टामिननं उतार पडला, पण त्यावरून ॲलर्जी सिद्ध होत नाही. हिस्टामिन बाहेरून आलं काय अन् शरीरानं सोडलं काय, गोळी त्याचाच परिणाम अडवते.

फ्रिजच्या भरवशावर राहू नका: आधी तयार झालेलं एन्झाइम थंडाव्यातही हळूहळू काम करत राहतं.

वास घेऊन निकाल देऊ नका.

बांगडा-ट्यूनाच्या स्कॉम्ब्रिडी कुळापुरतं उत्तर लिहू नका, तारलीनंही हेच होतं.

आणि प्रश्नात रुग्ण क्षयरोगाची आयसोनियाझिड घेतोय असं दिलं असेल, तर ती ओळ ओलांडून पुढं जाऊ नका. हे औषध आतड्यात हिस्टामिन मोडणाऱ्या डायअमाइन ऑक्सिडेजला अडवतं, त्यामुळं त्याच ताटातला तोच मासा एकट्या त्यालाच बाधू शकतो.