मूलतत्त्ववाद आणि धार्मिक बहुत्ववाद: ए लेव्हलच्या उत्तरात या चुका टाळा

ठाणे आणि नवी मुंबईतील आंतरराष्ट्रीय मंडळांच्या शाळांत ए लेव्हलला समाजशास्त्र किंवा धर्माभ्यास घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सराव उत्तरपत्रिकांत पुढील आशयाचा परिच्छेद वारंवार आढळतो: ‘मूलतत्त्ववाद म्हणजे धर्मासाठी हिंसा करणाऱ्या कट्टर लोकांची विचारसरणी, उदाहरणार्थ तालिबान. याउलट बहुत्ववाद म्हणजे सर्व धर्मांचा आदर, उदाहरणार्थ भारत.’ वाचायला हा परिच्छेद नेटका वाटतो आणि त्यातील प्रत्येक शब्द विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे लिहिलेला असतो, पण दोन्ही व्याख्या सदोष आहेत, दोन्ही उदाहरणे व्याख्येशी न जोडता ठेवलेली आहेत आणि ‘याउलट’ हा शब्द तर संपूर्ण उत्तराला चुकीच्या दिशेने नेतो. हे दोष एकेक करून कसे दुरुस्त करायचे, ते येथे पाहू.

हिंसेवरून केलेली व्याख्या

फंडामेंटलिस्ट हे नाव प्रथम ज्यांना मिळाले, ते अमेरिकेतील प्रोटेस्टंट ख्रिस्ती होते आणि त्यांनी ते स्वतःहून अभिमानाने स्वीकारले होते. 1910 ते 1915 या काळात तेथे ‘द फंडामेंटल्स’ नावाच्या बारा पुस्तिका प्रसिद्ध झाल्या. बायबलची ऐतिहासिक चिकित्सा आणि उदारमतवादी धर्मशास्त्र यांच्या विरोधात श्रद्धेची पायाभूत तत्त्वे राखणे हा त्यांचा हेतू होता. 1920 मध्ये बॅप्टिस्ट संपादक कर्टिस ली लॉज यांनी अशा तत्त्वांसाठी झगडण्यास तयार असलेल्यांना उद्देशून हा शब्द वापरला. तो झगडा चर्चमधला, धर्मशिक्षणसंस्थांमधला आणि पुढे 1925 च्या स्कोप्स खटल्यात शाळेतील उत्क्रांतिवादाच्या शिकवणीवरचा होता. त्यामुळे हिंसा हा व्याख्येचा भाग नाही. काही मूलतत्त्ववादी गट हिंसेकडे वळतात आणि बहुसंख्य वळत नाहीत, एवढेच विधान करता येते.

मग व्याख्येत काय असावे? मार्टिन मार्टी आणि स्कॉट अ‍ॅपलबी यांच्या संपादनाखाली झालेला मोठा तुलनात्मक अभ्यास, तसेच स्टीव्ह ब्रूस यांचे लेखन पाहिले, तर तीन गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात. पहिली, एखादा ग्रंथ किंवा त्याचा ठरावीक अर्थ निर्दोष आणि अंतिम मानणे. दुसरी, आधुनिकतेमुळे आणि धर्माचा प्रभाव ओसरल्यामुळे आपली श्रद्धा धोक्यात आली आहे, अशी जाणीव आणि तिच्यातून उभी राहिलेली संघटित प्रतिक्रिया. तिसरी, आपण आणि ते अशी ठळक सीमा आखून समाज, किंवा निदान आपला समुदाय, त्या तत्त्वांनुसार पुन्हा घडवण्याचा प्रयत्न.

यांपैकी दुसरी गोष्ट विद्यार्थी सर्वाधिक वेळा विसरतात. केवळ पहिली लिहिली, तर कुराण हे ईश्वराचे वचन मानणारा जवळजवळ प्रत्येक मुस्लीम मूलतत्त्ववादी ठरतो आणि व्याख्या निरुपयोगी होते. अमेरिकेतील आमिश समुदायाचे उदाहरण देणाऱ्यांचीही येथेच गफलत होते. हा पंथ 1693 च्या सुमारास युरोपात वेगळा झाला; तो आपली अखंड परंपरा जपतो, बाहेरच्या समाजापासून दूर राहतो आणि त्या समाजाला बदलण्याची मोहीम चालवत नाही. त्याला परंपरानिष्ठ म्हणावे. मूलतत्त्ववाद ‘मुळाकडे परत’ असे म्हणत असला, तरी त्यात बरेच काही नवे असते, आणि आधुनिक साधनांचे त्याला वावडे नसते. आयातुल्ला खोमेनी यांची भाषणे ध्वनिफितींवरून इराणमध्ये पोहोचत होती, आणि धर्मशास्त्रज्ञानेच शासन चालवावे हा त्यांनी 1970 मध्ये नजफ येथील व्याख्यानांतून मांडलेला सिद्धान्त शिया परंपरेतही एक मोठे नवे पाऊल होते.

एकाच धर्माची उदाहरणे

संतुलन म्हणजे एक वाईट उदाहरण एका धर्माचे आणि एक चांगले दुसऱ्याचे, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक संतुलन उदाहरणांच्या संख्येत नसून कसोटी समान लावण्यात आहे. स्वतःचा परिच्छेद तपासण्याचा सोपा मार्ग असा की, त्यातील धर्माचे नाव हाताने झाकावे आणि उरलेली वाक्ये वरील तीन गोष्टी दाखवतात का, ते पाहावे. नाव झाकल्यावर ‘हे लोक कट्टर आहेत’ एवढेच उरत असेल, तर ते उदाहरण परिच्छेदात केवळ पूर्वग्रहामुळे आले आहे.

1979 या एकाच वर्षातील दोन उदाहरणे यासाठी फार उपयोगी पडतात. त्या वर्षी अमेरिकेत जेरी फॉलवेल यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना स्थापन केली आणि इराणमध्ये क्रांती होऊन इस्लामी प्रजासत्ताक आले. दोन्हींकडे प्रतिक्रियेचे कारण नेमके सांगता येते. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने 1962 आणि 1963 मध्ये सरकारी शाळांतील प्रार्थना व बायबलवाचन घटनाबाह्य ठरवले होते आणि 1973 मध्ये गर्भपाताचा अधिकार मान्य केला होता. इराणमध्ये शहांनी 1963 पासून राबवलेल्या ‘श्वेतक्रांती’च्या सुधारणा आणि पाश्चात्त्य धर्तीचे आधुनिकीकरण यांना धर्मगुरूंचा विरोध होता. दोन्हींकडे धर्मग्रंथाचा आधार होता, दोन्हींकडे कुटुंब आणि स्त्रीची भूमिका हा कळीचा प्रश्न होता आणि दोघांनाही सार्वजनिक जीवन धर्मतत्त्वांनुसार घडवायचे होते.

आता फरक. मॉरल मेजॉरिटीने घटनात्मक लोकशाहीच्या चौकटीत मतदार नोंदवले, उमेदवारांना पाठिंबा दिला आणि 1989 मध्ये ती विसर्जित झाली. इराणमध्ये चळवळीच्या हाती राज्यसत्ता आली आणि धर्मशास्त्रज्ञाचे सर्वोच्च स्थान राज्यघटनेतच नोंदले गेले. शिवाय इराणची क्रांती केवळ धार्मिक नव्हती. डावे, उदारमतवादी आणि बाजारातील व्यापारीही तिच्यात होते. हा अखेरचा मुद्दा लिहिणारा विद्यार्थी विश्लेषण आणि मूल्यमापनाचे गुण मिळवतो, कारण संकल्पना उदाहरणाला कोठपर्यंत लागू पडते, हे त्याने दाखवलेले असते.

हिंदू राष्ट्रवादाचे उदाहरण द्यावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडचे विद्यार्थी हमखास विचारतात. द्यावे, पण अभ्यासकांमधील मतभेदासह. सामूहिक ओळख धोक्यात असल्याची जाणीव आणि ठळक सीमा यांमुळे काही अभ्यासक त्याचा समावेश मूलतत्त्ववादात करतात, तर एकच निर्दोष ग्रंथ केंद्रस्थानी नसल्यामुळे इतर काही त्याला धार्मिक राष्ट्रवाद असे वेगळे नाव देतात. दोन्ही बाजू दोन वाक्यांत मांडल्या की उत्तर संतुलित होते आणि प्रोटेस्टंट अमेरिकेत जन्मलेली संकल्पना इतरत्र किती लागू पडते, हा टीकेचा मुद्दाही ओघाने येतो.

विविधतेलाच बहुत्ववाद म्हणणे

ठाण्यात मासुंदा तलावाच्या परिसरात फिरले, तर कौपिनेश्वर मंदिर, संत जॉन बाप्टिस्ट चर्च आणि बेने इस्रायल समाजाचे 1879 मधील सिनेगॉग ही तिन्ही एकाच जुन्या शहरात दिसतात. उत्तरात लिहिण्यासारखे हे उदाहरण आहे, परंतु त्यातून फक्त विविधता सिद्ध होते. वेगवेगळे धर्म शेजारी असणे ही वस्तुस्थिती झाली. त्या सर्वांना समान स्वातंत्र्य देणारी नागरी व्यवस्था ही दुसरी गोष्ट आणि एकाहून अधिक धर्म अंतिम सत्यापर्यंत किंवा मोक्षापर्यंत नेतात, ही धर्मशास्त्रीय भूमिका तिसरी. धर्माच्या अभ्यासक डायना एक यांनी पहिल्या गोष्टीपासून बहुत्ववाद स्पष्टपणे वेगळा केला आहे. त्यांच्या मते, विविधतेशी सक्रियपणे संबंध जोडणे आणि एकमेकांना समजून घेणे त्यात अपेक्षित आहे, नुसती सहिष्णुता पुरेशी नाही. आपण या तीनपैकी कोणता अर्थ घेत आहोत, हे पहिल्याच वाक्यात न सांगणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

धर्माभ्यासाच्या प्रश्नपत्रिकेत बहुधा तिसरा अर्थ अपेक्षित असतो. तेथे अ‍ॅलन रेस यांनी 1983 मध्ये प्रचारात आणलेली त्रिविध मांडणी वापरावी: केवळ आपलाच मार्ग खरा मानणारी एकमेवतावादी भूमिका, इतरांतही सत्य आहे पण त्याची पूर्तता आपल्याच मार्गात होते असे मानणारी समावेशक भूमिका आणि बहुत्ववादी भूमिका. जॉन हिक यांच्या मते, विविध धर्म हे एकाच परमसत्याला दिलेले, संस्कृतीने घडवलेले मानवी प्रतिसाद आहेत; हे निखळ बहुत्ववादाचे उदाहरण आहे. 1965 चा ‘नोस्त्रा एताते’ हा कॅथॉलिक जाहीरनामा मात्र बहुत्ववादाचे उदाहरण म्हणून लिहू नये. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असे तो म्हणतो, पण ख्रिस्त हाच मार्ग असल्याची घोषणाही तेथेच करतो. म्हणून तो समावेशक गटात बसतो.

‘याउलट’ हा शब्द

या दोन संकल्पना एकमेकींच्या थेट विरुद्ध नाहीत. अमेरिकेतील वसाहतकाळातील धर्मोपदेशक रॉजर विल्यम्स यांना मॅसॅच्युसेट्समधून हद्दपार करण्यात आले आणि 1636 मध्ये त्यांनी प्रॉव्हिडन्स वसवले. ते धर्मश्रद्धेत अत्यंत कडक होते. क्वेकर या ख्रिस्ती पंथाची शिकवण चुकीची आहे म्हणून 1672 मध्ये त्यांनी त्या पंथीयांशी जाहीर वाद घातला. तरीही त्यांच्या वसाहतीत क्वेकरांना आश्रय होता, कारण सद्सद्विवेकावर राज्याने सक्ती करू नये, हे त्यांचे ठाम मत होते. आपल्या उपखंडात देवबंदचे मौलाना हुसेन अहमद मदनी धर्मशास्त्रात काटेकोर परंपरानिष्ठ होते, पण 1938 मध्ये त्यांनी हिंदू-मुस्लिमांच्या संयुक्त राष्ट्रीयत्वाची बाजू पुस्तकातून मांडली आणि फाळणीला विरोध केला. दोघेही धर्मशास्त्रीय अर्थाने बहुत्ववादी नव्हते. नागरी अर्थाने होते. दोघांना मूलतत्त्ववादीही म्हणू नये, पण श्रद्धेची कठोरता आणि नागरी बहुत्व एकत्र नांदू शकतात, हे त्यांच्यावरून सिद्ध होते.

एवढेच नव्हे, तर दोन्हींत कार्यकारणसंबंधही दाखवता येतो. समाजशास्त्रज्ञ पीटर बर्गर यांच्या मते, अनेक धर्म शेजारी आले की कोणताही एक धर्म गृहीत धरलेला राहत नाही आणि श्रद्धा ही निवडीची बाब बनते. त्या अनिश्चिततेला मिळणारा एक प्रतिसाद म्हणजे पक्क्या खात्रीचे आश्वासन देणारा मूलतत्त्ववाद.

सुरुवातीचा परिच्छेद आता असा लिहिता येईल: ‘मूलतत्त्ववाद ही आधुनिकतेमुळे धोक्यात आलेली श्रद्धा निर्दोष मानलेल्या ग्रंथाच्या आधारे पुन्हा प्रस्थापित करू पाहणारी संघटित प्रतिक्रिया आहे. 1979 मधील मॉरल मेजॉरिटी आणि इराणची क्रांती यांत ही लक्षणे दिसतात, मात्र पहिली निवडणुकीच्या मार्गाने गेली आणि दुसरीत इतर राजकीय प्रवाहही सामील होते. धार्मिक बहुत्ववाद हा शब्द येथे धर्मशास्त्रीय अर्थाने वापरला आहे: हिक यांच्या मते अनेक धर्म एकाच परमसत्याला दिलेले प्रतिसाद आहेत. नागरी बहुत्व ही वेगळी गोष्ट असून, विल्यम्स यांच्यासारखा धर्मश्रद्धेत कठोर माणूसही तिचा पुरस्कार करू शकतो.’ प्रश्न समाजशास्त्राचा असेल, तर हिक यांचे वाक्य काढून तेथे बर्गर यांचे घालावे आणि ‘धर्मशास्त्रीय’ ऐवजी ‘समाजातील धर्मांची अनेकता’ असा अर्थ सुरुवातीलाच नोंदवावा.