हॅनॉयचा मनोरा: तळच्या चकतीपासून विचार केला की सुटतो

हॅनॉयचा मनोरा सोडवायला शिकवणारे बहुतेक लोक पहिल्याच मिनिटाला चुकीचं सांगतात: "छोटी चकती उजवीकडे सरकवत राहा, आपोआप होतं." होतं, पण अर्ध्या वेळा भलत्याच खुंटीवर. मी वर्षानुवर्षं मुलांना हे कोडं दाखवतो आहे. मीसुद्धा सुरुवातीला चालींचा क्रम पाठ केला होता आणि चार चकत्यांवर चारचौघांत तोंडघशी पडलो होतो. पंधरा चालींनंतर मनोरा अगदी सुबक उभा होता, पण मधल्या खुंटीवर.

साहित्य लागत नाही. खुंट्या नसल्या तर कागदावर तीन गोल काढा आणि डब्यांची लहानमोठी झाकणं घ्या. गोलांना क, ख, ग म्हणू. सगळ्या चकत्या क वर, सर्वांत मोठी तळाला. त्या ग वर न्यायच्या. एका वेळी एकच चकती, तीही ढिगाच्या सर्वांत वरची, आणि लहान चकतीवर मोठी कधीच ठेवायची नाही.

एक चकती: एक चाल. दोन चकत्या: लहान ख वर, मोठी ग वर, लहान तिच्यावर. तीन चाली झाल्या.

आता तीन. लहानीपासून मोठीपर्यंत त्यांना 1, 2, 3 असे आकडे देऊ. सगळे अडकतात ते इथे, कारण डोळे वरच्या, लहान चकतीवर असतात. ही हलवू की ती, इकडे की तिकडे, या विचारात दहा चालींनंतर गाडी पुन्हा मूळ पदावर येते. माझं ठाम म्हणणं आहे की हात लावण्याआधी फक्त तळच्या 3 कडे पाहावं आणि एकच प्रश्न विचारावा: ही ग वर जायची असेल तर त्या क्षणी बाकीच्या कुठे असायला हव्यात? क वर नकोत, कारण तिथे त्या 3 च्या डोक्यावर बसतील. ग वर नकोत, कारण 3 त्यांच्यावर बसू शकत नाही. म्हणजे 1 आणि 2 या दोन्ही ख वरच असल्या पाहिजेत. दुसरी शक्यताच नाही.

म्हणून आधी दोघींना ख वर न्यायचं. हे काम आपल्याला येतं, तीन चालींचं आहे, फक्त पोचण्याची जागा बदलली: 1 ग वर, 2 ख वर, 1 ख वर. मग 3 ग वर. मग पुन्हा तेच दोघींचं काम, या वेळी ख वरून ग वर: 1 क वर, 2 ग वर, 1 ग वर. तीन, एक, तीन. एकूण सात.

चार चकत्यांना याच रीतीने वरच्या तिघी ख वर (सात), चौथी ग वर (एक), तिघी परत तिच्यावर (सात), म्हणजे पंधरा. माझी फजिती का झाली तेही इथेच कळतं. तीन चकत्यांत पहिली चाल ग वर असते, म्हणून मी चारालाही तीच केली. पण चारात आधी तिघींना ख वर न्यायचं असतं, त्यामुळे लहानीची पहिली चालही ख वर होते. चकत्यांची संख्या विषम असेल तर पहिली चाल जिथे पोचायचं त्या खुंटीवर, सम असेल तर मोकळ्या खुंटीवर. एवढं लक्षात ठेवा, बाकी काही पाठ करू नका.

"पण पंधरापेक्षा कमीत होणारच नाही कशावरून?" हा प्रश्न मला एका सातवीतल्या मुलीने विचारला होता आणि मी गडबडलो होतो. "आम्हाला सापडलं नाही" हे उत्तर नव्हे. उत्तर पुन्हा तळच्या चकतीत आहे. ती कधी ना कधी क सोडणार. त्या पहिल्या वेळी तिघी एकाच खुंटीवर गोळा झालेल्या असणार, आणि तिघींना एका खुंटीवरून दुसरीवर न्यायला सातपेक्षा कमी चाली पुरत नाहीत. तिची शेवटची चाल संपते तेव्हाही तिघी एकत्रच असतात, आणि त्यांना ग वर यायला पुन्हा किमान सात. मध्ये मोठीची निदान एक. पंधराच्या खाली जायला वाटच उरत नाही.

त्या मुलीचा पुढचा प्रश्न: "मोठी आधी ख वर नेली तर?" न्या की. मग तिघी ग वर असणार, आणि मोठीला वाट द्यायला त्यांना क वर हलवावं लागणार. सात, एक, सात, एक, सात: तेवीस. करून पाहा, हात दुखतील.

एकेक चकती वाढली की चाली जवळजवळ दुप्पट होतात. 1, 3, 7, 15, 31 ही काटेकोर दुप्पट नाही, दुप्पट अधिक एक आहे. प्रत्येकात एक मिळवा: 2, 4, 8, 16, 32. ही मात्र नेमकी दुप्पट. म्हणून n चकत्यांसाठी सूत्र:

```
2^n - 1
```

मुलांपुढे सूत्र मांडण्याआधी मी चकतीगणिक चाली मोजायला लावतो. चार चकत्यांत सर्वांत मोठी एकदा हलते, तिच्यावरची दोनदा, मग चारदा, आणि सर्वांत लहान आठदा. बेरीज पंधरा. तळाला नवी चकती घातली की आधीचा सगळा खेळ दोनदा खेळावा लागतो, म्हणून जुन्या प्रत्येकीच्या चाली दुप्पट होतात आणि नवीची एक वाढते. लहानी एक आड एक चालीत हलते, तीही नेहमी एकाच दिशेने फिरत. मधल्या चालीत तिला सोडून नियमात बसणारी एकच चाल उरते. म्हणजे "सरकवत राहा" या सल्ल्यात तथ्य होतं. फक्त कोणत्या दिशेने, हे सांगायला लोक विसरतात.

हे कोडं फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी 1883 मध्ये बाजारात आणलं, तेही "सियामचे एन. क्लॉस" या नावाने. ते त्यांच्याच नावाच्या आणि आमियां या गावाच्या अक्षरांची अदलाबदल करून बनवलं होतं. त्यांच्या खेळात आठ चकत्या होत्या, म्हणजे 255 चाली. सेकंदाला एक म्हटली तर सव्वाचार मिनिटं. काशीच्या देवळात चौसष्ट सोन्याच्या चकत्या हलवणाऱ्या ब्राह्मणांची गोष्टही याच खेळाला जोडून पसरली. काशीत शोधायला जाऊ नका. हिशोब मात्र खरा आहे: सेकंदाला एक चाल धरली तरी चौसष्ट चकत्यांना सुमारे 58,500 कोटी वर्षं लागतील. दहा चकत्यांना सतरा मिनिटं, वीस चकत्यांना बारा दिवस.

ही सगळी वाढ तीन खुंट्यांमुळे आहे. चौथी खुंटी दिली की मोठी चकती हलताना बाकीच्यांनी एकाच ठिकाणी गोळा होण्याची सक्ती उरत नाही, त्या दोन खुंट्यांवर विभागून बसू शकतात. मग आठ चकत्यांच्या 255 चालींचं काम 33 चालींत होतं.