पाळीच्या मध्यावर ओटीपोटात एकाच बाजूला दुखते? या चुका टाळा

दोन पाळ्यांच्या मध्ये ओटीपोटाच्या उजव्या किंवा डाव्या कोपऱ्यात कळ येते, काही तास राहते, कधी दोन दिवसांपर्यंत लांबते आणि आपोआप थांबते. बऱ्याच वेळा हे दुखणे स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या वेळचे असते. अंडाशयातील बीजाची पिशवी, म्हणजे फॉलिकल, साधारण दोन सेंटिमीटरपर्यंत वाढते तेव्हा अंडाशयाचे आवरण ताणले जाते. ती फुटल्यावर थोडे पाणी आणि रक्त पोटात उतरते आणि आतल्या अस्तराला झोंबते. त्या सुमारास अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा तार धरणारा स्राव जातो आणि क्वचित रक्ताचा एखादा डागही दिसतो. ताप मात्र येत नाही, भूक मरत नाही आणि रोजची कामे बहुतेक वेळा करता येतात.

चौदावा दिवस मोजण्याची चूक

पाळी आल्यापासून चौदाव्या दिवशी बीज सुटते, असे शाळेत शिकवलेले बहुतेकींच्या लक्षात असते. हा हिशेब २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईपुरताच खरा आहे. पाळीचे चक्र लांबते किंवा आखडते तेव्हा मुख्यतः बीज सुटण्यापूर्वीचे दिवस बदलतात. बीज सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेकींमध्ये १२ ते १६ दिवसांचाच राहतो. म्हणून मोजणी मागच्या पाळीपासून पुढे न करता पुढच्या पाळीपासून मागे करावी.

समजा, खानापूर तालुक्यातील २६ वर्षांच्या एका बाईला ३ जूनला पाळी आली. रोप लावणीच्या तयारीत असताना २२ जूनच्या संध्याकाळी तिच्या ओटीपोटात उजवीकडे दुखू लागले. तो तिचा विसावा दिवस होता. चौदावा दिवस केव्हाच उलटून गेल्यामुळे घरच्यांनी ते वाकून काम केल्याने भरलेली लचक आहे असे ठरवले. तिला ताप नव्हता, तिने रात्री नेहमीसारखी भाकरी खाल्ली आणि २३ तारखेच्या रात्रीपर्यंत दुखणे थांबले. पुढची पाळी ७ जुलैला आली, म्हणजे चक्र ३४ दिवसांचे झाले. ७ जुलैपासून १४ दिवस मागे गेले की २३ जून येतो. भिंतीवरची दिनदर्शिका पुन्हा चाळली तेव्हा त्याआधीची पाळी ३० एप्रिलची निघाली, आणि १९ मेच्या सुमारास डावीकडे असेच दुखल्याचेही तिला आठवले. तेही ३ जूनच्या १५ दिवस आधी येते. दोन चक्रांत हिशेब असा जुळला की निदानाला चांगला आधार मिळतो.

दुखण्याची बाजू दर महिन्याला आलटून पालटून बदललीच पाहिजे, असा मात्र नियम नाही. लागोपाठ दोन-तीन महिने एकाच अंडाशयातून बीज सुटू शकते आणि दुखणेही त्याच बाजूला राहते. गर्भनिरोधक गोळ्यांचे पाकीट नियमित घेणाऱ्या बाईत सहसा बीज सुटतच नाही. तिला मध्यावर दुखू लागले, तर त्याचे कारण दुसरीकडे शोधले पाहिजे.

‘दर महिन्याचेच आहे’ असे म्हणून थांबण्याची चूक

सर्वांत घातक चूक हीच आहे. वरचा हिशेब पुढची पाळी आल्यावरच पक्का होतो, आणि दुखत असलेल्या दिवशी तो हाताशी नसतो. त्या दिवशी तारखेपेक्षा लक्षणांवर निर्णय घ्यावा लागतो.

दुखणे आधी बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली सरकले, अन्नावरची वासना उडाली, मळमळ किंवा उलटी झाली, आणि चालताना किंवा खड्ड्यातून गाडी उसळली की कळ वाढली, तर अपेंडिक्सला सूज आल्याचा संशय घ्यावा. बीज सुटतानाचे दुखणे वेळेबरोबर कमी होते. अपेंडिक्सचे तासागणिक वाढत जाते. एकाएकी असह्य कळ येऊन उलट्या होत असतील, तर अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. अशा वेळी अंडाशय वाचवायला हातात थोडेच तास असतात, म्हणून सकाळची वाट पाहू नये.

तिसरा धोका गर्भनलिकेत राहिलेल्या गर्भाचा. पाळी लांबलेली असते किंवा नेहमीपेक्षा कमी, काळपट रक्त जाते, आणि ती पाळीच समजली गेल्याने तारखांचा सगळा हिशेब चुकतो. मागची पाळी थोडीही वेगळी गेली असेल, तर लघवीची तपासणी करून घ्यावी. आशाताईंकडे त्यासाठी निश्चय किट मिळते. चक्कर येणे, अंगाला दरदरून घाम सुटणे किंवा खांद्याच्या टोकाला दुखणे ही पोटात रक्तस्राव होत असल्याची लक्षणे आहेत. त्या वेळी तपासणीत वेळ न घालवता १०८ ला फोन करावा.

गोळी, इंजेक्शन आणि अपुरी माहिती

सौम्य दुखण्याला गरम पाण्याची पिशवी आणि पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी पुरते. गरज पडली तर सहा तासांनी ती पुन्हा घेता येते. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्याही चालतात, पण त्या जेवणानंतरच घ्याव्यात. मूल हवे असणाऱ्या बाईने या दिवसांत त्या टाळलेल्या बऱ्या, कारण त्यांच्यामुळे बीजाची पिशवी फुटायला अडथळा येऊ शकतो. निदान झालेले नसताना वेदनेचे इंजेक्शन घेऊन परत कामावर जाणे मला सर्वांत जास्त खटकते. त्याने कळ झाकली जाते, मात्र आतला बिघाड चालूच राहतो.

आपल्या भागात आणखी एक अडचण येते. निपाणी, चिकोडी किंवा बेळगावच्या दवाखान्यात समोरच्या डॉक्टरांची बोली कन्नड असते, आणि घाईत ‘पोट दुखतंय’ एवढेच सांगून होते. मग आम्लपित्ताची गोळी हातात पडते. मागच्या तीन पाळ्यांच्या तारखा आणि दुखणे सुरू झाल्याची वेळ कागदावर आकड्यांत लिहून न्यावी, आणि दुखणारी जागा एका बोटाने दाखवावी. उजवीकडे सांगायचे असेल तर ‘बलगडे’ आणि डावीकडे सांगायचे असेल तर ‘एडगडे’ म्हणावे. पाळीचा विषय नवऱ्यासमोर किंवा सासूबाईंसमोर काढायला संकोच वाटत असेल, तर त्यांना क्षणभर बाहेर थांबायला सांगण्याची विनंती परिचारिकेला करता येते.

सोनोग्राफीचा अहवाल वाचताना

दुखत असताना केलेल्या सोनोग्राफीत दोन-अडीच सेंटिमीटरची पाण्याची पिशवी आणि गर्भाशयामागे थोडे पाणी दिसणे अपेक्षितच असते. अहवालात ‘सिस्ट’ हा शब्द वाचून कित्येकजणी गाठ झाली म्हणून हादरतात आणि शस्त्रक्रियेची चौकशी करू लागतात. पाळी चालू असलेल्या वयात तीन सेंटिमीटरपर्यंतची साधी, आत केवळ पाणी असलेली पिशवी ही बहुधा त्या महिन्याची बीजाची पिशवीच असते. ती पुढच्या पाळीपर्यंत आपोआप विरते. पिशवी पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, आत पडदे किंवा घट्ट भाग दिसत असेल, किंवा दर महिन्याला दुखणे वाढत जाऊन पाळीत आणि संबंधाच्या वेळीही त्रास होत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाणे टाळू नये.

या दुखण्यावरून ‘सुरक्षित दिवस’ ठरवणेही चुकीचे आहे. कळ बीज सुटण्याच्या आधी, सुटताना किंवा नंतरही येऊ शकते. पुरुषबीज शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहते, त्यामुळे कळ येण्याच्या चार दिवस आधी आलेल्या संबंधातूनही गर्भ राहू शकतो.