टॉलरन्स स्टॅक-अप: सगळे पार्ट पास, तरी सर्क्लिप बसत नाही? या चुका टाळा

तपासणीत सगळे पार्ट पास झालेत, एकही माप ड्रॉइंगच्या बाहेर नाही, आणि असेंब्लीवर फिटर म्हणतोय की सर्क्लिप ग्रूव्हमध्ये जात नाहीये. मग डिझाइनवाले उत्पादनावर ढकलतात, उत्पादनवाले डिझाइनवर. बहुतेक वेळा दोघांचीही कागदपत्रं बरोबर असतात. चूक असते ती स्टॅक-अपचं गणित करताना धरलेल्या गृहीतकांत.

एक साधी जोडणी घेऊ. २५ मिमीचा शाफ्ट. त्याच्या शोल्डरला टेकून ६२०५ बेअरिंग, मग स्पेसर, मग दुसरं ६२०५ बेअरिंग आणि शेवटी सर्क्लिप. सर्क्लिप ग्रूव्हच्या बाहेरच्या भिंतीला टेकतो. शोल्डरपासून त्या भिंतीपर्यंतचं अंतर म्हणजे आपली उपलब्ध जागा. त्यातून चार पार्टांची जाडी वजा केली की उरते ती फट. फट शून्याच्या खाली गेली तर सर्क्लिप बसणार नाही. ०.४० मिमीच्या वर गेली तर बेअरिंग शाफ्टवर पुढेमागे सरकेल आणि आवाज येईल. म्हणजे आपल्याला ० ते ०.४० हवं.

मापं अशी:

- शोल्डर ते ग्रूव्हची बाहेरची भिंत: ६१.२५ ± ०.१०
- बेअरिंगची रुंदी, दोन नग: १५, टॉलरन्स +० / −०.१२
- स्पेसर: ३० ± ०.०५
- सर्क्लिपची जाडी: १.२, टॉलरन्स +० / −०.०६

बेअरिंग आणि सर्क्लिपची टॉलरन्स आपण ठरवलेली नाही, ती स्टँडर्डमधून येते. आपल्या हातात फक्त शाफ्ट आणि स्पेसर आहेत.

पहिली चूक: एकतर्फी टॉलरन्स मधोमध न आणता बेरीज करणे

ड्रॉइंगवरचे आकडे तसेच घेतले तर फट येते ६१.२५ − (१५ + ३० + १५ + १.२) = ०.०५. हा आकडा पाहून डिझाइनर घाबरतो. आपल्याला तर मध्यावर ०.२० हवी, म्हणून तो शाफ्टचं माप ०.१५ ने वाढवून ६१.४० करतो.

पण १५ मिमीच्या बेअरिंगची रुंदी १४.८८ ते १५ अशी आहे. तिचा मध्य १५ नाही, १४.९४ आहे. ती १४.९४ ± ०.०६ अशी लिहायची. सर्क्लिप १.१७ ± ०.०३. आता फटीचा मध्य काढा: ६१.२५ − (१४.९४ + ३० + १४.९४ + १.१७) = ०.२०. मूळ माप बरोबर मध्यावरच होतं! ६१.४० केल्यावर मध्य गेला ०.३५ वर, आणि अंदाजे दर सातातली एक जोडणी ०.४० च्या वर जाणार. स्प्रेडशीटमध्ये प्लस आणि मायनस असे दोन वेगळे रकाने भरायची सवय असेल, तर आधी मध्य आणि ± अशा दोन रकान्यांत बदल करा, मगच पुढचं गणित.

दोन पद्धती, दोन उत्तरं

वर्स्ट केसमध्ये सगळ्या ± ची सरळ बेरीज होते. पाचही पार्ट एकाच वेळी आपापल्या वाईट टोकाला बसलेत असं धरायचं:

०.१० + ०.०६ + ०.०६ + ०.०५ + ०.०३ = ०.३०

फट −०.१० ते ०.५०. दोन्ही बाजूंनी बाहेर.

आरएसएस, म्हणजे रूट सम स्क्वेअरमध्ये, प्रत्येक ± चा वर्ग करायचा, बेरीज करायची आणि वर्गमूळ काढायचं:

√(०.०१०० + ०.००३६ + ०.००३६ + ०.००२५ + ०.०००९) = √०.०२०६ ≈ ०.१४४

फट साधारण ०.०५६ ते ०.३४४. दोन्ही बाजूंना जागा शिल्लक. इथेच मीटिंग संपते आणि ड्रॉइंगवर सही होते.

वर्स्ट केसवाल्यांचं ऐकलं असतं तर काय झालं असतं तेही बघा. ± ०.२० मध्ये बसवायचं तर बेअरिंग आणि सर्क्लिप मिळून ०.१५ आधीच खाऊन बसलेत. उरलेल्या ०.०५ मध्ये शाफ्ट आणि स्पेसर दोघांनी भागवायचं, म्हणजे समजा शाफ्टला ± ०.०३ आणि स्पेसरला ± ०.०२. साध्या टर्निंगच्या स्पेसरच्या तोंडांना ग्राइंडिंग द्यावं लागणार. म्हणून आरएसएस आकर्षक वाटतं, आणि तो मोह गैर नाही. फक्त त्याची किंमत नीट वाचलेली असावी.

दुसरी चूक: आरएसएसच्या अटी न वाचणे

ते वर्गमूळ तीन गोष्टी गृहीत धरतं. प्रत्येक मापाची सरासरी टॉलरन्सच्या मध्यावर आहे. टॉलरन्सचा पट्टा प्रक्रियेच्या ± ३ सिग्माएवढा आहे. आणि मापं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. तिन्ही खरं असेल तर हजारात सुमारे तीन जोडण्या ०.०५६ ते ०.३४४ च्या बाहेर जातील, आणि ० ते ०.४० च्या बाहेर तर त्याहूनही फारच कमी.

आता शॉप फ्लोअरवर या. स्पेसर कापणारा टर्नर लांबी नेहमी वरच्या बाजूला ठेवतो, कारण जास्त राहिलं तर पुन्हा फेस मारता येतो, कमी झालं तर पार्ट भंगारात. हे शहाणपण आहे, निष्काळजीपणा नाही. पण त्यामुळे त्याचे स्पेसर ३०.०४ च्या आसपास येतात. बेअरिंग एकाच बॉक्समधली, एकाच लॉटची, दोन्ही जवळपास सारख्या रुंदीची. समजा ती १४.९९ आहेत. स्टँडर्डने ०.१२ चा पट्टा दिलाय म्हणून एका लॉटमधली बेअरिंग त्या पट्ट्यात पसरून येत नाहीत. ती एका जागी गोळा होऊन येतात, आणि दोन नग एकाच दिशेला चुकतात. शाफ्टचा ग्रूव्ह टूल ऑफसेटमुळे ६१.२२ वर सेट झालाय. सर्क्लिप मात्र मध्यावर, १.१७.

६१.२२ − (१४.९९ + ३०.०४ + १४.९९ + १.१७) = ०.०३

फटीची सरासरी ०.२० वरून थेट ०.०३ वर. प्रत्येक पार्ट टॉलरन्समध्ये आहे! या लॉटचा प्रत्यक्ष फैलाव कमी आहे. बेअरिंग आणि स्पेसर ± ०.०१, शाफ्ट आणि सर्क्लिप ± ०.०३ धरले तर एकूण सुमारे ± ०.०४६. म्हणजे फट −०.०१६ ते ०.०७६. आरएसएसने किमान ०.०५६ सांगितलं होतं, इथे बहुतेक जोडण्या त्याच्याही खाली आहेत, आणि अंदाजे चाळिसात एका जोडणीत सर्क्लिप बसणार नाही.

कारण सोपं आहे: आरएसएस फैलाव दाबतं, सरकलेली सरासरी दाबत नाही. सरासरीतलं सरकणं सरळ बेरजेने जमा होतं, ०.०५ + ०.०५ + ०.०४ + ०.०३ = ०.१७, वर्गमूळ वगैरे काही नाही.

ही चूक ओळखायची खूण रिजेक्शनच्या रजिस्टरमध्ये असते. तक्रारी विखुरलेल्या असतील, आठवड्यात कधी एखादी, तर फैलाव मोठा आहे. सोमवारच्या लॉटला ढीगभर आणि गुरुवारी एकही नाही, असं असेल तर सरासरी सरकली आहे आणि टॉलरन्स घट्ट करून काही होणार नाही. अशा वेळी गो-नोगो गेजचे रिपोर्ट मागवू नका. त्यातून पार्ट पास झाला एवढंच कळतं, तो पट्ट्यात कुठे बसलाय ते कळत नाही. त्या लॉटचे २५-३० स्पेसर आणि तेवढेच शाफ्ट घेऊन प्रत्यक्ष आकडे लिहा आणि सरासरी काढा. अर्ध्या तासात उत्तर मिळतं.

एक धोका सांगून ठेवतो. फट शून्याला टेकली की फिटर सर्क्लिप ठोकून बसवतो. तो बसल्यासारखा दिसतो, पण ग्रूव्हच्या तळापर्यंत उतरलेला नसतो. पक्कडीच्या भोकांमधलं अंतर शेजारच्या नीट बसलेल्या सर्क्लिपपेक्षा जास्त दिसलं तर काढून पुन्हा बघा. तो लोड आल्यावर निसटेल. वरच्या टोकाला फक्त आवाज येतो, खालच्या टोकाला पार्ट सुटतो. दोन्ही टोकांना सारखीच जोखीम धरणं हीसुद्धा चूकच.

तिसरी चूक: ड्रॉइंगवर माप चुकीच्या भिंतीपासून देणे

ग्रूव्हची आतली भिंत शोल्डरपासून ५९.८८ ± ०.१० आणि ग्रूव्हची रुंदी १.३, टॉलरन्स +०.१४ / −०, असं माप दिलेलं खूप ड्रॉइंगवर दिसतं. मध्य तोच येतो, ५९.८८ + १.३७ = ६१.२५. पण आता साखळीत सहावी कडी घुसली, ± ०.०७ ची. वर्स्ट केस ०.३० वरून ०.३७ वर गेला. शिवाय रुंदी ग्रूव्हिंग इन्सर्ट ठरवतो. एकाच प्लंजमध्ये कापत असाल तर इन्सर्ट जेवढा रुंद तेवढाच ग्रूव्ह. १.३२ चा ग्रूव्ह येत असेल तर पूर्ण लॉटची फट ०.०५ ने कमी झाली. काम करणारी भिंत बाहेरची आहे, म्हणून माप तिलाच द्या. ग्रूव्हची रुंदी स्वतंत्र राहू दे.

चौथी चूक: घट्ट करायचं म्हणून कुठलीही टॉलरन्स घट्ट करणे

स्पेसर ± ०.०५ वरून ± ०.०२५ केला तर आरएसएस ०.१४४ वरून ०.१३७ होतं. ग्राइंडिंगचा खर्च करून ७ मायक्रॉन मिळाले. शाफ्ट ± ०.१० वरून ± ०.०५ केला तर ०.११४, म्हणजे जवळपास ३० मायक्रॉन. वर्गांच्या बेरजेत शाफ्टचा एकट्याचा वाटा सुमारे ४९ टक्के आहे, स्पेसरचा १२ टक्के. आधी वाटे काढा, मग कोणाला घट्ट करायचं ते ठरवा.

या जोडणीला मी मधला रस्ता घेईन. सरासरी थोडीफार सरकणारच हे धरून आरएसएसच्या उत्तराला १.५ ने गुणायचं, हा बेंडरचा जुना गुणक आहे. ०.१४४ × १.५ ≈ ०.२१५, थोडक्यासाठी बाहेर. शाफ्ट ± ०.०८ केला तर √०.०१७० ≈ ०.१३०, गुणिले १.५ म्हणजे ०.१९६. फट ०.००४ ते ०.३९६, आत. ग्राइंडिंग नाही, फक्त शाफ्टची टॉलरन्स २० मायक्रॉनने घट्ट. आणि स्पेसरच्या ड्रॉइंगवर एक ओळ: लॉटची सरासरी ३०.०० ± ०.०२ मध्ये असावी. मागच्या उदाहरणातला ३०.०४ चा लॉट या ओळीवर असेंब्लीत पोचण्याआधीच अडला असता.

जोडण्या वर्षाला दहा-वीसच होणार असतील, किंवा सर्क्लिप सुटल्यावर माणूस जखमी होणार असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून वर्स्ट केस करा आणि फट शिमने भरा. सरासरीचा आधार घ्यायला तिथे पुरेसे नगच नसतात.